कंबर तीच, रेषा वेगळी: ९० आणि १०२ सेंटिमीटरमागचं गणित

मागच्या डिसेंबरात दोघे भाऊ माझ्याकडे आले होते. मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. धाकट्याची शुगर वाढल्यामुळे त्याच्या डॉक्टरांनी त्याला पाठवलं होतं, आणि थोरले न्यू जर्सीहून सुट्टीला आलेले, म्हणून सोबत आले होते. धाकट्याचं वजन-उंची झाल्यावर थोरल्यांनी फोनवर स्वतःचा तिकडचा रिपोर्ट उघडला. "मॅडम, आमच्याकडे मी एकटाच सुटलो बघा. बीएमआय नॉर्मल, कंबर नॉर्मल."

रिपोर्टमध्ये खरंच तसंच होतं. वय ४६, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६९ किलो, म्हणजे बीएमआय २४.४. तिकडे २५ पर्यंत नॉर्मल धरतात. कंबरेच्या रकान्यात साडेछत्तीस इंच आणि त्याच्यापुढे "४० पेक्षा कमी, ठीक". मी टेप काढली आणि बरगडीखाली नीट जागा शोधून मोजलं. ९३ सेंटिमीटर भरले, म्हणजे मापात काही चूक नव्हती. फक्त तो आकडा ज्या रेषेशी ताडून बघितला होता, ती रेषा या माणसासाठी आखलेलीच नव्हती.

"म्हणजे पुण्यात मी जाडा आणि जर्सीत बारीक?" असं त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर या रेषा कुणी, कुठे आणि कशावरून आखल्या तिथपासून सुरुवात करावी लागते.

आधी आकडे एकदा समोर ठेवू. पाश्चात्त्यांसाठी रेषा एक नाही, दोन आहेत, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिली सावधगिरीची: पुरुषांना ९४ सेंटिमीटर, बायकांना ८०. दुसरी जास्त धोक्याची: पुरुषांना १०२, बायकांना ८८. इंचांत १०२ म्हणजे साधारण ४० आणि ८८ म्हणजे ३५. अमेरिकेत ही दुसरी जोडी चालते, युरोपात बहुतेक ठिकाणी पहिलीपासूनच सावध करतात. भारतीयांसाठी, आणि एकूणच दक्षिण आशियाई लोकांसाठी, रेषा आहे पुरुषांना ९० आणि बायकांना ८०. इंचांत साडेपस्तीस आणि साडेएकतीस.

आता जरा थांबून बघा. "आशियाई लोकांची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खूपच कमी" असं जे सरसकट ऐकायला मिळतं, ते तुम्ही कोणत्या रेषेशी तुलना करता त्यावर आहे. अमेरिकेच्या रेषेशी तुलना केली तर पुरुषांत १२ सेंटिमीटरचा फरक आहे आणि बायकांत ८ चा. युरोपच्या पहिल्या रेषेशी केली, तर पुरुषांत फरक फक्त ४ सेंटिमीटरचा आणि बायकांत शून्य. माझ्याकडे आलेले थोरले ९३ वर होते. म्हणजे अमेरिकेत ते नऊ सेंटिमीटरने आत होते, युरोपात जेमतेम एकाने आत आणि भारतीय रेषेच्या तीनने बाहेर.

ग्लासगोचे दोन आकडे

पाश्चात्त्यांच्या या दोन्ही रेषा स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरातून आल्या. १९९५ साली मायकेल लीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर ग्लासगोतल्या ९०४ पुरुषांची आणि १०१४ बायकांची मापं घेतली. त्यांना हवं होतं एक साधं साधन, जे वजनकाटा आणि गणित न करता घरच्या घरी वापरता येईल. म्हणून त्यांनी विचारलं, की ज्यांचा बीएमआय २५ च्या वर आहे त्यांची कंबर साधारण किती असते? उत्तर आलं ९४ आणि ८०. मग ३० च्या वर असलेल्यांची? १०२ आणि ८८.

हे नीट लक्षात घ्यायला हवं. १०२ हा आकडा "इतक्या कंबरेला हार्ट अटॅक येतो" अशा नोंदींतून निघालेला नाही. तो आहे ग्लासगोतल्या गोऱ्या पुरुषांमध्ये बीएमआय ३० ची जागा घेणारा आकडा. त्याचा पाया दुहेरी आहे: तिथल्या लोकांमध्ये बीएमआय आणि कंबर यांचं जे नातं आहे ते, आणि ३० बीएमआयला त्यांच्यात जितका धोका दिसतो तो. दुसऱ्या एखाद्या समाजात या दोहोंपैकी एकही गोष्ट बदलली, तर तो आकडा तिथे आयता उचलून ठेवता येत नाही.

२००१ मध्ये अमेरिकेने १०२ आणि ८८ आपल्या मेटाबॉलिक सिंड्रोमच्या, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणाऱ्या एकत्रित बिघाडांच्या, निकषांत घेतले आणि ते जगभर पसरले. वाटेत आणखी एक गोष्ट झाली, जी फार कमी लोकांच्या ध्यानात येते. ग्लासगोत कंबर मोजली होती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये. अमेरिकेच्या पद्धतीत टेप लावतात कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर, म्हणजे थोडी खाली. पुरुषांत याने फारसं बिघडत नाही, पण बायकांमध्ये त्या जागी घेर जास्त भरतो. आकडा तोच राहिला, मोजायची जागा सरकली.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

आपल्याकडे ग्लासगोचं नातं का लागू पडत नाही, हे दाखवणारा सगळ्यात बोलका पुरावा पुण्यातूनच गेला आहे. २००४ साली केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटं टिपण छापलं. त्यात दोघांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो होता. दोघांचा बीएमआय हुबेहूब सारखा, २२.३. पण एक्स-रेच्या तंत्राने अंगातली चरबी मोजल्यावर युडकिन यांच्यात ती निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. वजनाचा आणि उंचीचा हिशोब तोच, आणि चरबी दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांचं पहिलं इंग्रजी अक्षर वाय, म्हणून याला वाय-वाय विरोधाभास असं नाव पडलं.

अर्थात दोन माणसांवरून नियम ठरत नाही, आणि त्यांनीही तसा दावा केला नव्हता. युडकिन मॅरेथॉन धावायचे, याज्ञिकांचा व्यायाम तेवढा नव्हता, हे त्यांनी तिथेच लिहिलं होतं. याज्ञिक जन्मतः कमी वजनाचे होते, हेही लिहिलं होतं. ही शेवटची नोंद पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

पण मोठ्या गटांमध्येही हेच दिसत होतं. १९९१ मध्ये लंडनच्या साउथॉल भागातल्या दक्षिण आशियाई लोकांच्या अभ्यासात आढळलं, की गोऱ्या शेजाऱ्यांपेक्षा यांची चरबी पोटाकडे जास्त साठते आणि इन्शुलिनला शरीर दाद देत नाही, असं प्रमाणही जास्त. अगदी अलीकडे, २०२१ मध्ये, इंग्लंडमधल्या चौदा लाखांहून जास्त लोकांच्या वैद्यकीय नोंदी पाहिल्या गेल्या. गोऱ्यांमध्ये बीएमआय ३० ला टाइप टू मधुमेहाचा जेवढा धोका असतो, तेवढा दक्षिण आशियाई लोकांमध्ये २३.९ लाच येतो, असं त्यात निघालं. माझ्यासमोर बसलेल्या थोरल्यांचा बीएमआय होता २४.४.

कोठी भरली की पोती कुठे ठेवायची

आता "का" कडे येऊ. चरबी म्हणजे शरीराचं धान्य. उरलेली ऊर्जा ठेवायला शरीराने एक चांगली कोठी दिलेली आहे: त्वचेखालचा थर, विशेषतः मांड्या, नितंब आणि हातपायांवरचा. तिथली चरबी दिसायला कशीही असो, ती तुलनेने निमूट पडून राहते. रक्तात फारशी लुडबुड करत नाही.

पण कोठी भरली की काय होतं? जुन्या घरात जे होतं तेच. पोती मग माजघरात येतात, मग स्वयंपाकघरात, मग देवघराच्या दारात, आणि घरात चालायला वाट राहत नाही. शरीरात हे माजघर म्हणजे पोटाच्या आतली जागा, आतड्यांभोवती आणि आतड्यांवर पसरलेल्या पडद्यात. स्वयंपाकघर म्हणजे यकृत आणि स्नायू. तिथे चरबी साठली की त्यांची रोजची कामं बिघडतात. यकृत जादा ट्रायग्लिसराइड रक्तात सोडायला लागतं, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल घसरतं, इन्शुलिनचा निरोप पोचत नाही आणि शुगर चढायला लागते.

कॅनडातल्या संशोधकांनी २००७ मध्ये असं मांडलं, की दक्षिण आशियाई माणसाची ही त्वचेलगतची कोठीच मुळात लहान असते. त्यामुळे ती लवकर भरते आणि पोती लवकर आत यायला लागतात. ग्लासगोचा माणूस १०२ पर्यंत पोचला तरी त्यातला बराच भाग बाहेरच्या कोठीत असू शकतो. आपला माणूस ९३ वर असतो, पण आतलं माजघर भरलेलं असतं. टेपला दोन्हीतला फरक कळत नाही, ती फक्त बाहेरून घेर मोजते. म्हणून टेप तीच ठेवून रेषा खाली आणावी लागते.

दुसरी अर्धी बाजू स्नायूंची. आपल्याकडे हातापायांचे स्नायू तुलनेने कमी असतात. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच उचलतात, आणि ते कमी असले तर साखर जायची कुठे हा प्रश्न उरतो. शिवाय स्नायू वजनदार असतात. ते कमी असल्यामुळे वजनकाटा आणि बीएमआय दोन्ही "सगळं ठीक" सांगत राहतात. सडसडीत हातपाय आणि पुढे आलेलं पोट ही आपल्या घराघरांत दिसणारी ठेवण आहे, आणि बीएमआयला ती दिसत नाही.

पाबळकडची बाळं

ही ठेवण कधी सुरू होते? मला या विषयातलं सगळ्यात थक्क करणारं काम हेच वाटतं. १९९३ पासून डॉ. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या पाबळकडच्या सहा खेड्यांमध्ये गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची मापं घेतली. मग ती इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून बघितली. आपल्याकडच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्यांचं ३.५. आठशे ग्रॅमचा फरक. आपली बाळं रोडच असणार, असं कुणीही म्हणेल.

पण ती सगळीकडून सारखी रोड नव्हती. पोटाचा घेर सगळ्यात जास्त कमी होता, कारण यकृतासारखे आतले अवयव लहान. दंडही बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमट्याने धरून चरबीची जाडी मोजली, तर तिथला फरक सगळ्यात थोडा निघाला. बाळाने सगळ्यात काटकसर केली ती अवयवांत आणि स्नायूंत, चरबी मात्र राखून ठेवली. याला त्यांनी नाव दिलं: बारीक दिसणारं पण चरबी असलेलं भारतीय बाळ. पुढे २००९ मध्ये पुण्याच्या आणि लंडनच्या नवजात बाळांचे एमआरआय करून बघितले, तेव्हा आपल्या बाळांमध्ये पोटाच्या भागातली चरबी जास्त निघाली, आतली आणि त्वचेखालची दोन्ही.

इथे एक गैरसमज होऊ नये. याचा अर्थ बाळं आजारी असतात असा नाही. आईच्या पोटात अन्न बेताचं असताना बाळाच्या शरीराने मेंदू आणि चरबी सांभाळली, बाकी आवरतं घेतलं, इतकंच. असं शरीर शेतात राबून भाकरी-भाजी खात राहिलं तर बहुधा त्याचं निभतं. तेच शरीर चाळिशीला खुर्चीत बसलं आणि वर मुबलक अन्न मिळालं, की लहान कोठीचा प्रश्न उभा राहतो. यात जनुकांचा वाटा किती, आईच्या पोषणाचा किती आणि बसून राहण्याचा किती, हे वेगवेगळं काढणं अवघड आहे. तिन्ही एकाच घरात एकत्र नांदतात.

९० हा आकडा आला कसा

रेषा खाली आणायची हे पटलं, तरी ९० च का? ८५ का नाही, ९२ का नाही? इथे चाळणीचं उदाहरण घेऊ. समजा एका गावात हजार पुरुष आहेत आणि त्यांतल्या शंभर जणांची शुगर वाढलेली आहे. (हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत.) कंबर १०२ च्या वर असलेले सगळे बाजूला काढले, तर त्या शंभरातले दहा-पंधराच हाती लागतील, बाकीचे निसटतील. रेषा ७८ वर आणली तर शंभरातले नव्वदेक सापडतील, पण त्यांच्याबरोबर पाच-सहाशे धडधाकट माणसंही रांगेत उभी राहतील. कुठेतरी मध्ये एक जागा अशी येते, जिथे निसटणारे आणि उगाच अडकणारे यांचा तोल सगळ्यात बरा साधतो. अभ्यासातून ती जागा शोधतात.

चेन्नईत हे काम दोनदा झालं. २००३ मध्ये डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने दहा हजारांवर भारतीयांच्या मापांवरून पुरुषांना ८५ आणि बायकांना ८० काढले. २००७ मध्ये डॉ. मोहन यांच्या गटाला ८७ आणि ८२ मिळाले. दरम्यान २००६ मध्ये दिल्लीच्या डॉ. अनुप मिश्रा यांच्या गटाने दोन पायऱ्या सुचवल्या: पुरुषांना ७८ आणि बायकांना ७२ ला सावध व्हा, ९० आणि ८० ला डॉक्टरांकडे जा. त्याआधी २००० साली आशिया-पॅसिफिकसाठीच्या एका आंतरराष्ट्रीय अहवालात ९० आणि ८० हेच आकडे आलेले होते, आणि २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानेही दक्षिण आशियाई लोकांसाठी तेच धरले. २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीत ९० आणि ८० पक्के झाले.

तेव्हा ९० हा लक्षात ठेवायला सोपा, गोळाबेरीज केलेला आकडा आहे. आपल्या स्वतःच्या मापांतून निघालेले आकडे पुरुषांसाठी त्याच्याही थोडे खालीच आहेत. म्हणून कुणी ८८ वर असला आणि घरात आई-वडिलांना मधुमेह असला, तर मी त्याला "तुम्ही आत आहात" असं सांगून घरी पाठवत नाही. ८९ ला काही होत नाही आणि ९१ ला होतं, असं शरीरात कुठेही नसतं. धोका उतारासारखा हळूहळू चढत जातो आणि रेषा ही आपण सोयीसाठी मारलेली खूण.

बायकांचा ८० हा आकडा ग्लासगोतही आला आणि आपल्याकडेही, पण दोन वेगळ्या वाटांनी. तिथे तो बीएमआय २५ ची जागा घेणारा, म्हणजे नुसत्या सावधगिरीचा. इथे तो थेट कृतीचा. त्याच डिसेंबरात थोरल्यांच्या बायकोनेही हौसेने माप देऊन घेतलं. ८४ भरले. त्या अमेरिकेच्या ८८ च्या आत होत्या, आपल्या ८० च्या बाहेर.

जपानमध्ये उलटं कसं?

आशियाई म्हणून एकच आकडा असतो असंही नाही. कोरियात पुरुषांना ९० आणि बायकांना ८५ धरतात. पण सगळ्यात चक्रावून टाकणारा आहे जपान. तिथे पुरुषांना ८५ आणि बायकांना ९०. बायकांची मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त! बाकी सगळ्या जगात उलट आहे.

कारण पद्धतीत आहे. जपानी तज्ज्ञांनी कंबरेवरून आजार शोधला नाही, त्यांनी बेंबीच्या पातळीवर सीटी स्कॅन काढून पोटाच्या आतल्या चरबीचं क्षेत्रफळ मोजलं. ते १०० चौरस सेंटिमीटरच्या वर गेलं की त्रास वाढतो असं दिसलं. मग विचारलं, एवढी आतली चरबी असताना बाहेरून कंबर किती भरते? पुरुषांत सुमारे ८५. बायकांत त्वचेखालचा थर जाड असतो, म्हणून आत तेवढीच चरबी असायला बाहेरून घेर ९० भरावा लागतो. हिशोब म्हणून चोख आहे. पण आतली चरबी सारखी असली म्हणजे दोघांना धोकाही सारखाच, हे गृहीत त्यात धरलेलं आहे, आणि त्यावर बरीच टीका झाली. बाहेरच्या संस्थांनी पुढे जपानी बायकांसाठीही ८० च सुचवले. जपानने आपले आकडे ठेवले, आणि एप्रिल २००८ पासून तिथे ४० ते ७४ वयाच्या लोकांची वर्षाच्या तपासणीत कंबर मोजली जाते, तीही बेंबीवर.

ग्लासगोने बीएमआय समोर ठेवला, चेन्नईने शुगर, जपानने सीटी स्कॅन. प्रश्न बदलला तसं उत्तर बदललं. कुठलाही कटऑफ बघितला की तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे मी आधी बघते.

टेप कुठे लावायची

एवढ्या बारीक फरकाच्या रेषा असताना मापातच चार सेंटिमीटर चुकले तर सगळं वाया. आणि ते चुकतात. शिबिरांमध्ये सगळ्यात जास्त चूक होते ती पॅन्टच्या नंबरावर विसंबल्याने. "मी ३४ वापरतो" असं सांगणारा पुरुष बेल्ट पोटाच्या खाली बांधतो, त्याच्या बेंबीवरचा घेर ३८ असतो. साडीत अडचण वेगळी. परकराची नाडी नेमकी जिथे टेप हवी तिथेच करकचून बांधलेली असते आणि तिथे खाच पडलेली असते. त्या खाचेत टेप बसली की माप दोन-तीन सेंटिमीटरने कमी येतं. निऱ्यांवरून मोजलं की तेवढंच जास्त. म्हणून नाडी सैल करून, पाच मिनिटं थांबून, अंगावरच टेप लावावी.

जागा शोधायची रीत अशी. कुशीला बोटांनी चाचपत शेवटच्या बरगडीची खालची कड शोधा, तिथे पेनाने टिंब करा. मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा, तिथे दुसरं टिंब. दोहोंच्या मध्यावर टेप. पाय थोडे अंतरावर, हात बाजूला, आणि श्वास सहज सोडून झाल्यावर वाचायचं. पोट आत ओढायचं नाही. टेप जमिनीला समांतर आहे ना हे दुसऱ्याने मागून बघावं, कारण पाठीकडे ती हमखास खाली घसरते. दोनदा मोजा, आणि एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. शिंप्याची कापडी टेप वर्षानुवर्षं वापरून ताणलेली असते, आणि ताणलेली टेप माप कमी दाखवते. एकदा स्टीलच्या पट्टीशी लावून बघा. गरोदरपणात, बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत आणि पोटात पाणी झालं असेल तर या मापाला अर्थ नाही.

९३ चं पुढे काय झालं

पुन्हा थोरल्यांकडे येऊ. मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणायला पाच गोष्टींपैकी तीन लागतात: कंबर रेषेबाहेर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली, रक्तदाब १३०/८५ किंवा वर, उपाशीपोटीची शुगर १०० किंवा जास्त. त्यांचं ट्रायग्लिसराइड होतं १८४, एचडीएल ३७. हे दोन बिघडलेले. रक्तदाब १२४/८० आणि शुगर ९७, हे दोन बरे. आता सगळा निकाल कंबरेवर. १०२ ची रेषा धरली तर पाचात दोन, म्हणजे काही नाही. ९० धरली तर पाचात तीन. एकाच रक्ताचा, एकाच दिवसाचा रिपोर्ट, आणि रेषा बदलली म्हणून निदान बदललं.

यात अमेरिकेच्या नियमांचा दोष म्हणावा, तर तिथल्याच २००५ च्या सूचनांमध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी ९० आणि ८० वापरायला सांगितलेलं आहे. २००९ मध्ये मोठ्या संस्थांनी एकत्र येऊन केलेल्या निवेदनातही कंबर ज्या त्या समाजाच्या रेषेने मोजा, असंच आहे. छापील फॉर्मवर मात्र बहुतेक वेळा ४० इंच एवढंच राहतं. आणि ही रेषा राहत्या देशाची नसते, वंशाची असते. न्यू जर्सीतल्या एडिसनला वीस वर्षं राहिलं म्हणून यकृत ग्लासगोचं होत नाही.

मी त्यांना धाकट्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं. उपाशीपोटीची शुगर बरी असली तरी त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी पुन्हा रक्त घेतलं. आलं १५२. १४० च्या खाली हवं होतं, २०० ला मधुमेह म्हणतात. म्हणजे मधली पायरी, प्री-डायबेटिस. धाकटा ज्या वाटेने गेला त्याच वाटेवर, काही वर्षं मागे.

जाताना त्यांनी विचारलं, "मुलाचं काय? तो तिकडेच जन्मला. त्याला कोणती रेषा?" नियम वंशावरून जातात, तेव्हा त्यालाही ९०. पण तो सहा फूट उंच आहे, आणि इथे ९० ची एक उणीव समोर येते. पाच फुटांच्या माणसाला आणि सहा फुटांच्या माणसाला एकच घेर कसा चालेल? म्हणून आता ब्रिटनमध्ये एक सोपी जोड देतात: कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. हा नियम गोऱ्यांना आणि आपल्याला सारखाच लावतात. मुलगा १८३ सेंटिमीटर, त्याचं निम्मं साडेएक्याण्णव, म्हणजे ९० च्या जवळच. वडील १६८, निम्मं ८४, आणि कंबर ९३. इथे ते तीनने नाही, नऊने बाहेर गेले.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो बुटक्या बायकांना. या दोघा भावांच्या आईंची उंची १४८ आणि कंबर ७९. आपल्या ८० च्या रेषेत त्या बसतात, ग्लासगोच्याही बसतात. पण १४८ चं निम्मं ७४. त्यांची शुगर तपासली का, असं मी विचारलं, तर दोघे भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. घरात सगळ्यांत बारीक त्याच, म्हणून कधी तपासलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उपाशीपोटी घेऊन या, असं सांगितलं.